एसओपी म्हणजे संदर्भसूची नव्हे

परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करण्याचे दिवस आले की वसतिगृहांतून, अभ्यासिकांतून आमच्याकडे एसओपीचे मसुदे येऊ लागतात. एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज: मला हा विषय का शिकायचा आहे, त्यासाठी माझी तयारी काय आहे आणि ती याच विभागात का पूर्ण होईल, हे सांगणारे दीड-दोन पानांचे निवेदन. बहुतेक ठिकाणी पाचशे ते हजार शब्दांची मर्यादा असते. आम्ही हे मसुदे वाचतो, खुणा करतो, परत पाठवतो. या वाचनातून एका रोगाचे निदान आम्ही केले आहे आणि त्यावर आज स्पष्ट बोलायचे आहे.

रोग असा. पहिला परिच्छेद बरा असतो. दुसऱ्यात गाव, शाळा, घर येते. तिसऱ्या परिच्छेदात अचानक गाडी थांबते आणि नावांची रांग लागते. अमुक (१९५७), तमुक (१९७६), अमुक आणि तमुक (२००४) यांनी या विषयाचा सखोल अभ्यास केला आहे. मग आणखी चार नावे. मग 'यावरून संशोधनाची गरज स्पष्ट होते' असे एक वाक्य, आणि गाडी पुन्हा सुरू.

हा रोग मुलांनी स्वतःहून ओढवून घेतलेला नाही. तो त्यांना शिकवला गेला आहे. आमच्या मुलांना दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो, दुःख लिही, आईने धुणीभांडी केली ते लिही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे. या सल्ल्याचा समाचार आपल्याकडे पुष्कळांनी घेतला आहे, त्यात आम्ही भर घालत नाही. दुसरा सल्लागार जास्त सभ्य असतो. तो कधी फी घेणारा कन्सल्टंट असतो, कधी आपलाच प्राध्यापक. तो म्हणतो, वाचन दाखव, संदर्भ टाक, तुझ्यासारख्याने तर जास्तच टाकले पाहिजेत. हा सल्ला विद्वत्तेचा वाटतो, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. आमचे म्हणणे असे की हा सल्ला आमच्या मुलांचे नुकसान करतो, आणि ते कसे, हे एका खऱ्या मसुद्यावर दाखवता येते.

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या एका तरुण मित्राचा हा मसुदा. अर्थशास्त्रात बी.ए., नंतर पुण्याजवळच्या एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कार्यालयात आठ महिने नोकरी. काम काय, तर कंपन्यांकडून मागणी आली की बायोडाटा चाळायचे, उमेदवारांना फोन करायचे आणि पुढे पाठवायची नावे ठरवायची. त्याला विकास अर्थशास्त्रात मास्टर्स करायचे आहे आणि विषय आहे नोकरभरतीतला जातिभेद. अर्ज इंग्रजीत आहे, पण त्याच्या परवानगीने आणि त्याची ओळख पुसून आम्ही तो इथे मराठीत देतो. तिसरा परिच्छेद असा होता:

'बेकर (१९५७), अकरलॉफ (१९७६), बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन (२००४), थोरात आणि अटवेल (२००७), देशपांडे आणि न्यूमन (२००७), जोधका आणि न्यूमन (२००७), मधेश्वरन आणि अटवेल (२००७) तसेच बॅनर्जी आणि इतर (२००९) यांनी श्रमबाजारातील भेदभावाचा सखोल अभ्यास केला असून भारतात जातीवर आधारित भेदभाव अस्तित्वात असल्याचे सिद्ध केले आहे. या मौलिक संशोधनाने मला प्रेरणा दिली.'

आठ नावे. सगळी खरी, सगळी महत्त्वाची. वर्षेही बरोबर. आणि तरीही हा परिच्छेद खोटा आहे. भाषा इंग्रजी असो की मराठी, व्याकरण कितीही शुद्ध असो, तो वस्तुस्थितीला धरून नाही. का, ते पाहू.

बेकर यांचे १९५७ चे पुस्तक अमेरिकेतल्या वंशभेदाच्या संदर्भातले सैद्धांतिक पुस्तक आहे. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांचा २००४ चा प्रयोग अमेरिकेत झाला. या दोघांनी भारतातला जातिभेद सिद्ध केला असे म्हणणे म्हणजे न वाचल्याची कबुली. पण खरी गोची शेवटच्या नावापाशी आहे. बॅनर्जी, बर्ट्रांड, दत्ता आणि मुल्लैनाथन यांच्या २००९ च्या निबंधासाठी दिल्ली आणि आसपासच्या ३७१ नोकऱ्यांसाठी ३१६० बनावट अर्ज पाठवले गेले. अर्जदारांची आडनावे जात आणि धर्म सुचवणारी होती. निष्कर्ष काय निघाला? सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी अर्जदारांविरुद्ध भेदभावाचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत फरक मिळाला, तो ओबीसी नावांबाबत ठळक आणि अनुसूचित जातींच्या नावांबाबत त्याहून कमी. मुस्लिम नावांबाबत भेदभाव आढळला नाही.

आता त्याच रांगेतले थोरात आणि अटवेल घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनीही बनावट अर्जच पाठवले. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती निवडल्या. ६६ आठवडे काम चालले, ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज गेले. सारख्या पात्रतेचे अर्ज, फरक फक्त नावाचा: एक उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. पुढच्या फेरीसाठी बोलावणे येण्याचे दलित नावाचे 'ऑड्स' उच्चजातीय नावाच्या ०.६७ पट निघाले, मुस्लिम नावाचे ०.३३ पट.

म्हणजे एकाच पद्धतीचे दोन अभ्यास, दोन वर्षांच्या अंतराने छापलेले, आणि निष्कर्ष एकमेकांशी सरळ जुळत नाहीत. या विषयातल्या प्रवेश समितीवर बसलेल्या माणसाला हे ठाऊक असण्याची शक्यता दाट आहे. तो जेव्हा वाचतो की या दोघांनीही एकच गोष्ट सिद्ध केली, तेव्हा त्याला कळते की या मुलाने शीर्षके गोळा केली आहेत. आमच्या मित्राने थोरात-अटवेल खरोखर वाचला होता, दोनदा वाचला होता. पण रांगेत उभा केल्यावर वाचलेला आणि न वाचलेला सारखाच दिसतो. रांगेने त्याचे अज्ञान झाकले नाही, उलट त्याचे ज्ञान झाकले.

यादीवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. यादीत मतभेद दिसत नाहीत. स्वल्पविरामाने जोडलेले आठ विद्वान एकमेकांशी सहमत असल्यासारखे दिसतात, आणि जिथे सगळेच सहमत आहेत तिथे नव्या विद्यार्थ्याला करायला उरते काय? 'आणखी संशोधनाची गरज आहे' हे वाक्य तिथून निघूच शकत नाही. प्रश्न निघतो तो दोन अभ्यास जिथे जुळत नाहीत तिथून, किंवा दोघेही जिथे थांबतात तिथून.

आणि इथे आपल्यातल्याच काही जणांशी थोडे भांडायचे आहे. हा मसुदा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला दाखवला तेव्हा ते म्हणाले, बॅनर्जींचे नाव काढूनच टाका, आपल्या बाजूचे नाही ते. आम्हाला हा सल्ला घातक वाटतो. गैरसोयीचा अभ्यास लपवला तर समितीच्या मनात दोनच शंका येतात: याला माहीत नाही, किंवा माहीत असून दडवतो आहे. दोन्ही वाईट. शिवाय त्या निबंधाला घाबरण्याचे कारणच नाही. सॉफ्टवेअरच्या नोकरीत पहिल्या बोलावण्यापर्यंत फरक दिसला नाही, एवढेच तो सांगतो. बोलावल्यानंतर काय होते हे तो मोजत नाही, कारण बनावट अर्जदार मुलाखतीला जाऊ शकत नाही. हीच मर्यादा थोरात-अटवेल यांच्या प्रयोगालाही आहे. पद्धतीचीच ती मर्यादा आहे.

हे लक्षात आल्यावर आम्ही त्या मित्राला विचारले, तू आठ महिने ज्या खुर्चीवर बसलास ती खुर्ची या साखळीत कुठे येते? तो म्हणाला, मध्ये. अर्ज आल्यानंतर आणि मुलाखतीच्या आधी, फोनवर. मग त्याने सांगितले की फोनवर विचारायच्या प्रश्नांचा छापील कागद होता: अनुभव, पगाराची अपेक्षा, कधी रुजू होणार. कागदावर नसलेले दोन प्रश्न मात्र जवळजवळ सगळेच विचारायचे. मूळ गाव कोणते? आणि घरी कोण काय करते? विशेषतः आडनाव जाधव, गायकवाड, पवार, मोरे असले की.

महाराष्ट्रातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कांबळे म्हटले की ऐकणारा आपल्यापुरता निकाल लावून मोकळा होतो. पण जाधव, गायकवाड, पवार मराठ्यांतही आहेत, आपल्यातही आहेत, इतर जातींतही आहेत. तिथे नाव पुरत नाही, म्हणून चौकशी सुरू होते. आता नावावर उभारलेले ते दोन्ही प्रयोग पुन्हा आठवा. आडनाव ऐकताच जात कळते या गृहीतावर ते चालतात, आणि दिल्लीत किंवा इंग्रजी वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत, नावे नीट निवडली तर, ते चालूनही जाते. पुण्यात हाच प्रयोग करायचा तर कोणती नावे घ्यायची हाच पहिला प्रश्न. फक्त कांबळे घेतले तर दलित अर्जदारांतल्या एका भागाचीच गोष्ट मोजली जाईल. जाधव घेतले तर फरक कमी दिसेल, आणि त्याचा अर्थ भेदभाव कमी आहे असा होणार नाही; ओळख पटवण्याचे काम फोनवर ढकलले गेले, एवढाच होईल.

हा मुद्दा आमच्या मित्राकडे होता. त्याच्या डोक्यात, त्याच्या कानात होता. मसुद्यात मात्र कुठेच नव्हता, कारण ती जागा आठ नावांनी अडवली होती.

तिसरा अभ्यासही यादीत होताच. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी पंचवीस मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये लिहिलेला निबंध. हे अधिकारी जात मानत नसल्याचे सांगत, गुणवत्तेची भाषा बोलत, आणि तरी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे त्यांना अगदी योग्य वाटत असे. घरी कोण काय करते? तोच प्रश्न. आमच्या मित्राने हा निबंध वाचला होता, पण आपण रोज फोनवर जे ऐकतो त्याचेच हे वर्णन आहे हे त्याने लिहिले नव्हते. त्याला वाटले, आपला अनुभव वेगळ्या परिच्छेदात आणि संशोधन वेगळ्या परिच्छेदात ठेवायचे असते. असे कोणी सांगितले? त्याच सभ्य सल्लागाराने.

चार बैठकांनंतर तो परिच्छेद असा झाला:

'माझ्या कार्यालयात उमेदवाराला फोनवर मूळ गाव आणि घरच्यांचा व्यवसाय विचारला जात असे, जरी प्रश्नावलीत हे प्रश्न नव्हते. थोरात आणि अटवेल (२००७) यांनी दाखवले की पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जाला बोलावणे कमी येते. बॅनर्जी आणि सहकाऱ्यांना (२००९) दिल्लीतल्या सॉफ्टवेअर नोकऱ्यांत असा फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत काही गटांबाबत आढळला. दोन्ही अभ्यासांत जात आडनावातून कळते असे धरले आहे आणि मोजणी पहिल्या बोलावण्यापाशी थांबते. महाराष्ट्रात अनेक आडनावे मराठा आणि दलित अशा दोन्ही समाजांत आहेत. अशा वेळी भरती करणारा माणूस जात कशी ओळखतो, आणि ओळखल्यावर निर्णय बदलतो का? जोधका आणि न्यूमन (२००७) यांच्या मुलाखतींत अधिकारी ज्याला कौटुंबिक पार्श्वभूमी म्हणतात, ती फोनवरच्या या दोन प्रश्नांतून गोळा होते असा माझा अंदाज आहे. तो तपासण्यासाठी मला प्रयोगाची आखणी आणि मुलाखतीचे विश्लेषण, दोन्ही शिकायचे आहे.'

आठाची तीन नावे झाली. कोणाचाही उल्लेख 'सखोल' किंवा 'मौलिक' असा नाही. प्रत्येक नावाला काम आहे. पहिल्याने एक गोष्ट दाखवली, दुसऱ्याने तिला अट घातली, तिसऱ्याने पुढची दिशा दिली. यातले कोणतेही एक वाक्य काढून पाहा, पुढचे वाक्य लंगडे पडते. हीच आमची कसोटी आहे आणि ती कोणालाही घरी बसून लावता येते: नाव असलेले वाक्य पेनाने खोडा आणि पुढे वाचा. काहीच बिघडले नाही, तर ते नाव तिथे शोभेसाठी होते. जुन्या परिच्छेदातून कोणतीही सहा नावे खोडली असती तरी काही बिघडले नसते.

क्रियापदांकडेही बघा. 'अभ्यास केला', 'चर्चा केली', 'योगदान दिले' ही क्रियापदे निबंध न उघडता लिहिता येतात. 'आढळले नाही', 'मोजले', 'इथे थांबतात', 'असे धरले आहे' ही उघडल्याशिवाय लिहिता येत नाहीत. वाचणारा अनुभवी माणूस इथेच फरक ओळखतो.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण यावर आक्षेप येणार आहे की नवख्या विद्यार्थ्याने मोठ्या विद्वानांच्या मर्यादा सांगणे हा उद्धटपणा आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने जातीवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. ती एसओपी नव्हती, सेमिनारचा निबंध होता, पण आधीच्या संशोधनाशी कसे वागावे याचा याहून चांगला नमुना आमच्या माहितीत नाही. जातीवर तोवर ढीगभर लिहिले गेले होते. बाबासाहेबांनी त्यातून चौघांच्या व्याख्या घेतल्या: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. प्रत्येकाला किती जागा द्यायची, हे त्याने काय दिले यावरून ठरवले. सेनार विटाळाला जातीचे लक्षण मानतात, तर विटाळ हा जातीचा खास गुण नाही, तो पुरोहितपणाशी जोडलेला आहे असे त्यांनी दाखवले. नेसफिल्ड बाहेरच्यांबरोबर न जेवण्यावर भर देतात, तर तो परिणाम आहे, कारण नव्हे, असे म्हटले. रिस्ले यांच्याकडे विशेष नवा मुद्दा नाही असे सांगून त्यांना एका वाक्यात मोकळे केले. लक्षात घ्या, रिस्ले हे त्या काळातले बडे प्रस्थ, जनगणनेचे अधिकारी. तरीही एकच वाक्य.

केतकरांना सर्वात जास्त जागा मिळाली, कारण बाबासाहेबांना त्यांची व्याख्या सर्वात उपयोगी वाटली. केतकर जातीची दोन लक्षणे सांगतात: सभासदत्व जन्माने मिळणे आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणाले, ही दोन लक्षणे वेगळी नाहीत. जातीबाहेर लग्न बंद केले की सभासदत्व आपोआपच जन्मावर येते. आणि इथूनच त्यांचा स्वतःचा सिद्धांत सुरू होतो, की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत विवाह. ज्याच्याशी सर्वात जास्त सहमत, त्याच्याशीच सर्वात बारीक मतभेद, आणि त्या मतभेदातून स्वतःचा मुद्दा. हा उद्धटपणा असेल तर आम्हाला तो हवा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. काही शिक्षक म्हणतात, आमच्या मुलांकडे आधीच संशयाने पाहिले जाते. लहान गावातले महाविद्यालय, ओळखीचे नसलेले विद्यापीठ. मग जास्त संदर्भ देऊन तो संशय घालवायला नको का? संशय खरा आहे. पण यादीने तो जात नाही, कारण यादी कोणीही करू शकतो. एखाद्या निबंधाच्या शेवटची सूची उतरवली की दहा मिनिटांत यादी तयार. दिल्लीच्या नामांकित महाविद्यालयातल्या मुलाने यादी दिली तरी त्याला त्याच्या महाविद्यालयाचे नाव वाचवते. आमच्या मुलाला त्याच्या वाक्यांशिवाय कोणी वाचवणारे नाही. म्हणून यादीचा तोटा आमच्या मुलाला जास्त होतो.

उलट टोकाचीही एक चूक आहे. यादी सोडून दिल्यावर काही जण लिहितात, 'या विषयावर आजवर कोणीही संशोधन केलेले नाही.' हे वाक्य एसओपीतले सर्वात धोक्याचे वाक्य आहे. वाचणाऱ्याने स्वतःच त्या विषयावर लिहिलेले असू शकते. 'कोणीही' हा शब्द काढा. 'या दोन अभ्यासांत हे मोजलेले नाही' एवढे म्हणा, कारण तेवढेच तुम्ही वाचून तपासले आहे.

आकड्यांबाबतही सावध राहा. आमच्या मित्राच्या दुसऱ्या मसुद्यात लिहिले होते की दलित अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता ३३ टक्क्यांनी कमी असते. ०.६७ वरून त्याने ३३ काढले. पण ०.६७ हा ऑड्सचा अनुपात आहे, शक्यतेचा नव्हे. ऑड्स म्हणजे बोलावणे येणे आणि न येणे यांचे एकमेकांशी प्रमाण. बोलावणी फारच कमी येत असतील तर दोन्ही आकडे जवळ येतात, पण ते एक नसतात, आणि अर्थशास्त्राच्या विभागात हे वाक्य वाचणारा तिथेच थबकतो. शेवटी आम्ही आकडाच काढला. 'कमी येते' हे मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे पुरेसे आहे. एसओपीत आकडा तेव्हाच द्यावा जेव्हा पुढचा युक्तिवाद त्या आकड्यावर उभा आहे.

आधीचे संशोधन म्हणताना मुले फक्त दुसऱ्यांचे धरतात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी केलेला प्रकल्प, एखाद्या संस्थेसाठी भरून घेतलेले फॉर्म, हेही आधीचे संशोधनच आहे आणि त्याला तोच नियम लागू. 'मी रोजगारावर प्रकल्प केला' हे पुन्हा शीर्षकच झाले. आमच्या मित्राने महाविद्यालयात असताना नांदेड शहरातल्या चाळीस पदवीधरांकडून नोकरी कशी मिळाली याचे फॉर्म भरून घेतले होते. बहुतेकांनी ओळखीने मिळाली असे सांगितले, पण ओळख कोणाची हे त्याच्या फॉर्मवर विचारलेलेच नव्हते. ही उणीव त्याने लपवली होती. आम्ही म्हटले, तेच लिही. चाळीस फॉर्म, हा प्रश्न राहून गेला, म्हणून निष्कर्ष अर्धवट. ज्याला आपल्या फॉर्ममधली उणीव कळली त्याला संशोधनाची पद्धत शिकायची गरज का आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

विभागातल्या प्राध्यापकांच्या नावाबद्दल दोनच शब्द. 'प्रा. अमुक यांच्या मार्गदर्शनाखाली शिकण्याचे माझे स्वप्न आहे' हे लिहू नका. त्यांची कोणती पद्धत तुमच्या प्रश्नाला लागते ते सांगता येत असेल तर नाव घ्या, नाहीतर अभ्यासक्रमातल्या विषयाचे नाव पुरे.

मांडणीचे म्हणाल तर एसओपीत तळटीपा नकोत, शेवटी सूची नको, निबंधाचे पूर्ण शीर्षक आणि नियतकालिकाचा खंड-अंक नको. वाक्यातच आडनाव आणि वर्ष, लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्याचे नाव आणि 'सहकारी'. विभागाने संशोधन आराखडा वेगळा मागितला असेल तर सूचीची जागा तिथे आहे. बेकर, अकरलॉफ, देशपांडे-न्यूमन, मधेश्वरन-अटवेल तिथे सन्मानाने बसतील. एसओपीतून काढले म्हणजे त्यांचा अपमान झाला असे नाही. मुलाखतीत कोणी विचारले तर बोलता येईल एवढे ते वाचलेले मात्र असावेत. आणि जे एसओपीत ठेवलेत त्या तिघांबद्दल कागद न पाहता बोलता आले पाहिजे: किती अर्ज, कुठे, काय बदलले, काय मोजले.

जुन्या परिच्छेदाच्या नावांसाठी आणि त्याच्या आगेमागे असलेल्या स्तुतीच्या वाक्यांसाठी गेलेली जागा आता मोकळी झाली होती. तिथे आमच्या मित्राने सांख्यिकीबद्दल लिहिले, कारण प्रवेश समिती अर्थशास्त्राच्या अर्जात तेच शोधते. बी.ए.ला संख्याशास्त्राचा एकच पेपर होता, रिग्रेशन वर्गात पूर्ण शिकवले गेले नाही, नोकरीच्या काळात रात्री त्याने ते पुस्तकावरून शिकले आणि नांदेडच्या त्या चाळीस फॉर्मवर स्वतः चालवून पाहिले, नमुना लहान असल्याने काहीच ठामपणे सांगता आले नाही, हे त्याने चार वाक्यांत मांडले. पहिल्या मसुद्यात यातला एक शब्दही नव्हता.